मदत हवी आहे: रात्री मेसेज करणाऱ्या शेठना नीट शब्दांत कसं सांगू?

कापडगल्ली:
मी इचलकरंजीत घरून पाच-सहा कापड व्यापाऱ्यांचं जीएसटीचं काम बघते. त्यातले एक शेठ रात्री अकराच्या पुढे व्हॉट्सअ‍ॅप करतात. बिलांचे फोटो, मग 'बघितलं का?', मग व्हॉइस नोट. माणूस चांगला आहे, फी वेळेवर देतात, सासऱ्यांची जुनी ओळख आहे. पण माझी झोप मोडते, आणि निळी टिक दिसली की लगेच फोन येतो. त्यांना न दुखावता पण स्पष्ट सांगायचं आहे. काय लिहू?

निवांत_सोलापूर:
सोपं आहे. बिझनेस व्हॉट्सअ‍ॅप घ्या, कामाची वेळ भरा आणि त्या वेळेबाहेर आपोआप उत्तर जाईल असं ठेवा. निळी टिक बंद करा. बोलायची गरजच नाही.

जुनी_वही:
निवांत, आपोआप उत्तराचा उपयोग आहे, पण फोनचं नेट चालू असेल तरच ते जातं. झोपताना नेट बंद केलं तर शेठना काहीच मिळणार नाही. शिवाय आधी तोंडी न सांगता मशीनचं उत्तर गेलं, तर जुन्या ओळखीच्या माणसाला ते लागतं.

ताई, मी नाशिकला बरीच वर्षं हेच काम करतो. दुकान साडेनऊला बंद होतं, गल्ला मोजून होतो आणि मगच व्यापाऱ्याला बिलं आठवतात. त्यामुळे 'रात्री पाठवू नका' म्हटलंत तर ते पाळणार नाहीत, किंवा बिलं खिशातच राहतील. पाठवायला मोकळीक द्या, वेळेचं बंधन उत्तरावर ठेवा. शक्यतो दुकानात समोर बसून बोला आणि त्याच दिवशी लेखी पाठवा:

'नमस्कार शेठ. मघाशी बोललो त्याप्रमाणे, बिलं आणि निरोप तुम्ही दुकान बंद झाल्यावर कधीही पाठवा. मी सकाळी दहाला बघून त्याच दिवशी उत्तर देईन. संध्याकाळी साडेसातनंतर माझं काम बंद असतं, तेव्हा मेसेज बघितला जात नाही. रस्त्यात तपासणीत मालाची गाडी अडवली असेल तर मात्र मेसेज नको, थेट फोन करा. महिन्याची विक्रीची बिलं ७ तारखेपर्यंत मिळाली तर ११ तारखेच्या आत आर-वन रिटर्न निवांत भरता येईल.'

यात माफी नाही, कारणंही नाहीत. कारण दिलं की त्यावर तोडगा सुचवला जातो. आणि दहाला उत्तर म्हणजे दहालाच. पहिले काही दिवस तिथे ढिलाई झाली की रात्रीचे फोन परत सुरू.

सानफ्रान्सिस्को_वारी:
आमच्याकडे क्लायंट अमेरिकेतला, त्याची सकाळ म्हणजे आमची रात्र. आम्ही दुपारची शिफ्ट मागून घेतली. तुम्हीही उशिरा काम सुरू करा की.

कापडगल्ली:
सानफ्रान्सिस्को, सकाळी मुलांची शाळा असते, वेळ सरकवणं जमणार नाही.

जुनी_वहीदादा, मजकूर आवडला. पण अडवलेल्या गाडीचे फोन खरंच येतात. माल बालोत्र्याला जातो, ई-वे बिलाची मुदत संपत आलेली असते आणि शेठ रात्री म्हणतात, 'वाढवून द्या'. तिथे नाही कसं म्हणू?

जुनी_वही:
तिथे नाही म्हणायचं नाही, ते काम रात्रीवरून हटवायचं. ई-वे बिलाची मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस आणि ती मध्यरात्री संपते. वाढवायची खिडकी संपण्याआधी आठ तास आणि नंतर आठ तास असते, म्हणजे दुपारी चारपासून उघडी. म्हणून साडेसातला काम बंद करण्याआधी शेठनाच विचारा, 'आज कुठली गाडी रस्त्यात आहे?' सकाळी आठपर्यंतही वाढवता येतं, पण मध्ये संपलेल्या बिलावर गाडी पळवू नका, तपासणीत सापडली तर माल अडकतो.

आणखी एक बघा: ई-वे बिलात ट्रान्सपोर्टरचा आयडी घातलेला असेल, तर मुदत वाढवायचं काम त्याच्या लॉगिनवरून होतं. मग शेठनी तुम्हाला उठवून काहीच होत नाही. नवीन ई-वे बिल काढायला शेठच्या मुनिमाला सब-युजर करून द्या, त्याला फक्त बिल काढायचीच परवानगी द्या.

निवांत_सोलापूर:
हे बरं आहे. पण फोनची मुभा दिली की सगळंच 'गाडी अडवली' होईल.

जुनी_वही:
होईल एक-दोनदा. फोन उचलायचा, गाडी नंबर आणि ई-वे बिल नंबर विचारायचा. नंबर नसेल तर 'सकाळी दहाला बघते शेठ' म्हणून ठेवायचा. बिलांची चर्चा फोनवर सुरूच करायची नाही.

कापडगल्ली:
मुनिमाचं उद्याच विचारते. ट्रान्सपोर्टरचं डोक्यात आलं नव्हतं; आमच्या बिलांत त्याचा आयडी असतो. मजकुरात सासऱ्यांचा उल्लेख नको ना? आणि १९ तारखेच्या रात्री, थ्री-बी रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, साडेसात पाळायचं की सूट द्यायची?

जुनी_वही:
सासरे नकोत, हा व्यवहार तुमचा आहे. १९ला मी नऊपर्यंत बसतो आणि तसं आधी कळवतो.

निवांत_सोलापूर:
मी तर १९लाही नाही. एकदा नऊ केलं की पुढच्या महिन्यात दहा.