मदत हवी आहे : कबड्डीचा स्कोअर पाठवताना एवढं कराल का?

मंडळातल्या सगळ्यांना दुबईहून नमस्कार.

तुमची मॅच रात्री आठला सुरू होते तेव्हा इथं साडेसहा वाजलेले असतात. मी साईटवरून कॅम्पला जाणाऱ्या बसमध्ये असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल इथं लागत नाही, पण मेसेज आणि व्हॉइस नोट येतात. त्यावरच मी मॅच बघतो म्हणा.

गेल्या रविवारी खानापूरच्या मॅचमध्ये मेसेज आला, "१८-२१, आपण मागं." तीन मिनिटं राहिलेली. मला वाटलं, गेली मॅच. पुढचाच मेसेज, "२१-२१!" एकदम तीन गुण कसे, ते कळेना. रात्री भावाला मेसेज केला तेव्हा समजलं, समोर एकच गडी उरला होता. आपल्या चढाईत तो बाद झाला, त्याचा एक आणि लोणचे दोन.

म्हणजे नुसत्या स्कोअरवरून मॅच कळत नाही. मैदानात दोन्हीकडे किती गडी उरलेत ते कळलं, तर लोण चढणार की बसणार याचा अंदाज येतो. म्हणून विनंती, स्कोअरपुढं गडीही लिहा : "१८-२१, आपले ५, त्यांचा १." दर चढाईला नको, गडी बाद झाला की पुरे.

आणि एक विचारायचंय. मोबाईलवरून यूट्यूब लाईव्हला ५० सबस्क्रायबर लागतात. तेवढे जमले, तर आपल्या मैदानावर रेंज पुरेल का? कुणी करून बघितलंय का?