उत्तर: उसने पैसे नाकारताना

>> मावसभावाने धंद्यासाठी उसने पैसे मागितलेत. मला द्यायचे नाहीयेत पण वाईटपणाही नको. मेसेज कसा लिहू?

वर बऱ्याच जणांनी 'सध्या हात तंग आहे असं सांग' म्हटलंय, ते मला नाही पटत. कारण दिलं की समोरचा ते कारण सोडवायला बसतो, मग पुढच्या महिन्यात जमेल का, पगार झाल्यावर बघ, आणि तुम्ही कुठे फिरायला गेल्याचा फोटो दिसला की संपलंच. त्यापेक्षा कारणच देऊ नका आणि मुदतही ठेवू नका. मी असं काहीतरी लिहीन:

'दादा, तू हक्काने विचारलंस, बरं वाटलं. मी नीट विचार केला, पण पैसे देणं मला जमणार नाही, आणि हे पुढेही बदलणार नाही, म्हणून तुला ताटकळत न ठेवता लगेच सांगतोय. लोनचा अर्ज आणि हिशोबाचे कागद करायचे असतील तर रविवारी येतो, सोबत बसून करू.'

यात नकार एकदाच आणि मधे आहे. दहा वेळा सॉरी म्हटलं की त्याला वाटतं अजून थोडं ताणलं तर हा देईल. मदत मात्र तीच कबूल करा जी खरंच करणार आहात.

'बरं, अर्धे तरी दे' हे येणारच. तेव्हा नवीन काही जोडायचं नाही, 'नाही रे दादा, थोडेही नाही जमणार, रविवारचं मात्र पक्कं' एवढंच. मावशीचा फोन आला तर तिलाही हेच, तिच्यासाठी वेगळी स्टोरी बनवलीत की अडकलात :)