इटालियन: इल की ला? मदत हवी आहे, अर्जंट

राजवाडा_बॉय: लोकहो, इटालियनमधे पुल्लिंगी शब्दाला इल न स्त्रीलिंगीला ला, पण कोणता शब्द कुठला त्याचे नियम सांगा लवकर, डोकं फिरलंय. आपल्यात तो-ती-ते, त्यांच्यात दोनच, म्हणून 'ते'वाले सगळे मी पुल्लिंगी धरले न बाकीचे आपल्यासारखेच ठेवले, तरी वहीभर लाल रेघा. परवा टेस्ट आहे.

मालूताई: अरे पण रेघा कोणत्या शब्दांवर?

जुना_इंदुरी: मराठी सोड, हिंदीत विचार कर. तिथेही दोनच लिंगं, न आपण इंदूरवाले निम्मं हिंदीच बोलतो. दूध पुल्लिंगी, तिकडे लात्तेही पुल्लिंगी. झालं काम.

मालूताई: आणि पानी? हिंदीत पुल्लिंगी, आक्वा स्त्रीलिंगी. घर पुल्लिंगी, काझा स्त्रीलिंगी. किताब स्त्रीलिंगी, लिब्रो पुल्लिंगी. 4 पैकी 1 बरोबर, छापा-काटा केला तरी जास्त मार्क पडतील.

राजवाडा_बॉय: साधे शब्द पाठ केलेत हो. चुकले ते इल पासवर्ड, इल ॲप, इल मेल, ला फिल्म, ला फाईल. फिल्म न फाईल ती नाही का?

बोलोन्याकर: हे आधी सांगायचं ना! बाहेरून आलेला शब्द व्यंजनात संपत असला की इटालियन माणूस सहसा इल लावतो, म्हणून इल फिल्म, इल फाईल, इल कॉम्प्युटर. पण त्या वस्तूसाठी त्याच्या डोक्यात इटालियनमधला एखादा स्त्रीलिंगी शब्द असला तर त्याचं लिंग नव्या शब्दाला चिकटतं. पासवर्डमागे पारोला, मेलमागे लेत्तेरा नाहीतर पोस्ता, ॲपमागे आप्लिकात्सिओने. आपण नाही का 'बस आली' म्हणत, मनात गाडी असते म्हणून.
आता ॲपची गोम. स्वराने सुरू होतं म्हणून ल'ॲप लिहितात, त्यात लिंग दिसतच नाही. तेव्हा 'एक' लावून बघ: उन'ॲप, मधे अपॉस्ट्रॉफी, म्हणजे स्त्रीलिंगी. उन आउतोबुस, अपॉस्ट्रॉफी नाही, पुल्लिंगी. अनेकवचनात शब्द बदलत नाही, फक्त आर्टिकल बदलतं: ले ॲप, ई फिल्म.

जुना_इंदुरी: एवढं कशाला, शेवटी आ आला की ला.

बोलोन्याकर: आपला पायजमा तिकडे जाऊन इल पिजामा झालाय काका. शेवटी आ, तरी पुल्लिंगी.

सराफा_खवय्या: व्हिसाचं झालं का? आणि जाताना पोहे ने, शेव वेगळ्या डब्यात, नाहीतर मऊ पडते.

राजवाडा_बॉय: व्हिसा कुठून आला मधे?? बोलोन्याकर, समोसा काय? ओळख-निबंधात लिहिलाय.

बोलोन्याकर: मेनूकार्डांवर इल न ला दोन्ही पाहिलंय. परवा कचोरी लिही.

मालूताई: आणि कचोरीचं लिंग काय?