पालकसभेचा वार ऐनवेळी बदलला, हे योग्य आहे का?

भोसरीची आई: मुलगी महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे. पालकसभा गुरुवारी होती. बुधवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर बाईंचा मेसेज आला: "उद्याची पालकसभा काही कारणास्तव शनिवारी होईल. सर्वांनी उपस्थित राहावे." मिस्टरांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, शनिवारी त्यांची फर्स्ट शिफ्ट. असं ऐनवेळी बदलणं योग्य आहे का?

निवृत्त मुख्याध्यापिका: बदलावं लागतं हो. संध्याकाळी निरोप येतो, उद्या मतदार यादीच्या कामाला हजर राहा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना देता येतात, तिथे नाही म्हणता येत नाही. पण मेसेज चुकलाच. रात्रीचं "उद्याची" सकाळी सहाला वाचलं तर शुक्रवार वाटतो. तारीख नाही, वेळ नाही. शनिवारी शाळा सकाळची, मग सभा आधी की सुटल्यावर? मी असं लिहायला लावायचे: "गुरुवार, 18 तारखेची पालकसभा होणार नाही. ती शनिवार, 20 तारखेला सकाळी 11.30 ला चौथीच्या वर्गात होईल. गुरुवारी मला निवडणुकीच्या कामाला जायचे आहे. शनिवारी जमत नसेल त्यांनी मला कळवून सोमवारी शाळा सुटल्यावर भेटावे." जुन्या तारखेचा मेसेज ग्रुपवरून काढायचा, नाहीतर तोच फिरत राहतो.

हिंजवडीकर बाबा: आमच्याकडे ॲपवर दहा मिनिटांचा स्लॉट मिळतो. तुम्ही स्लॉट बदलून घ्या ना.

भोसरीची आई: आमच्या शाळेत स्लॉट नसतात. सगळे पालक एकत्र बसतात.

जागरूक पालक: तारीख बदलायला समितीचा ठराव लागतो. समितीत 75 टक्के पालकच असतात, जाब विचारा!

निवृत्त मुख्याध्यापिका: 75 टक्के बरोबर, पण ती शाळा व्यवस्थापन समिती. वर्गाची पालकसभा वर्गशिक्षिका मुख्याध्यापकांना सांगून ठरवतात, ठराव लागत नाही.

सध्या शिकवतोय: मॅडम, कारण लिहायचं मला पटत नाही. कारण दिलं की ग्रुपवर त्याच्यावरच वाद रंगतो आणि नवी तारीख वर कुठेतरी राहून जाते. "शासकीय कामामुळे" एवढं पुरे. खरी अडचण वेगळीच आहे. कितीतरी घरांत फोन एकच, तोही वडिलांकडे, आणि कंपनीच्या गेटवर जमा. आईपर्यंत मेसेज पोचतच नाही. म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुलांच्या वहीत दोन ओळी लिहून देतो आणि घरून सही मागतो. सही नसलेल्या घरी फोन करतो.

निवृत्त मुख्याध्यापिका: वहीचं उत्तम. पण कारण न सांगितल्याने पालकांना बाई टाळतायत असं वाटतं, हे मी पाहिलंय. माझं मत तेच आहे.

भोसरीची आई: मग सभा पुढच्या गुरुवारीच का नाही ठेवली?

सध्या शिकवतोय: दुकानात, घरकामाला जाणाऱ्यांना गुरुवार चालत नाही. कुठलाही वार घ्या, कुणीतरी राहतंच.

भोसरीची आई: शनिवारी मी जाते. ह्यांना मुलीच्या गणिताबद्दल बोलायचंय, त्यासाठी पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर वेळ द्याल का, असं बाईंना आजच विचारते.