मदत हवी आहे: अंगठा खालून नेताना पांढरी चारचा सूर आदळतो

पेटीवाली_कोथरूड
नमस्कार मंडळी. अनेक वर्षं पेटी वाजवते, आता लेकीच्या डिजिटल पियानोवर हात बसवते आहे. पट्ट्यांना वजन आहे. उजव्या हाताने पांढरी एकपासून सप्तक वाजवताना १ २ ३, मग अंगठा खालून नेऊन १ २ ३ ४ ५ अशी बोटं लावते. सा रे ग ठीक येतात, पण मध्यमावर अंगठा पडला की तो सूर धाडकन मोठा वाजतो आणि कोपर बाहेर जातं. पेटीवर हे कधीच जाणवलं नाही. दुसरं म्हणजे, पांढरी चारपासून सुरू केलं की हीच बोटं का बसत नाहीत?

सदाशिवपेठी
ताई, बाक किती उंच आहे ते आधी बघा. आमच्याकडे जेवणाच्या टेबलाची खुर्ची होती, ती बदलल्यावर मुलाच्या मनगटाचं दुखणं थांबलं. तुम्ही कुठला पियानो घेतलाय? आम्हालाही घ्यायचा आहे.

काळी_पाच
सोपं आहे. अंगठा काळ्या पट्टीवर कधी ठेवायचा नाही, आणि सगळ्या सप्तकांना १ २ ३ १ २ ३ ४ ५ हीच बोटं. हळू वाजवत राहा, आपोआप बसेल.

शिकवणी_औंध
काळी पाच, पहिला भाग सुरुवातीच्या सप्तकांपुरता बरोबर आहे, दुसरा नाही. पांढरी चारपासून तुमची बोटं लावून बघा. पांढरी चार, पाच, सहावर १ २ ३ झाले की पुढचा सूर काळी पाच, म्हणजे अंगठा नेमका काळ्या पट्टीवर येतो. म्हणून तिथे चौथं बोट ठेवतात आणि अंगठा त्यापुढच्या पांढऱ्या एकवर नेतात: १ २ ३ ४ १ २ ३ ४. वरची पांढरी चार चौथ्या बोटावर येते, करंगळी लागतच नाही.

ताई, आता तुमचा आदळणारा मध्यम. पेटीत आवाजाचा जोर भात्यातून येतो, त्यामुळे पट्टी कशीही दाबली तरी तो सूर शेजारच्या सुरांपेक्षा मोठा होत नाही. पियानोत पट्टी ज्या वेगाने खाली जाते त्यावर आवाज ठरतो. अंगठा उशिरा निघाला तर वेळ गाठायला सगळा हात त्याच्यामागे फेकला जातो, आणि तो जोर ऐकू येतो.

तपासून बघा. सा रे ग वाजवा आणि गंधारावर, तिसरं बोट दाबलेलं असतानाच थांबा. अंगठा कुठे आहे? तो अजून सा पाशी रेंगाळत असेल तर कारण सापडलं. दुसऱ्या बोटाने रे दाबताच अंगठ्याने आत सरकायला लागायचं, म्हणजे गंधार वाजेपर्यंत तो मध्यमावर टेकलेला असतो.

सरावासाठी तिसऱ्या बोटाने गंधार धरून ठेवा आणि अंगठ्याने फक्त सा, म, सा, म असं हलकं वाजवा. कोपर जागेवर, मनगट बाजूला किंचित सरकलं तर चालेल, खाली पडता कामा नये. अंगठा नखाच्या कडेने टेकवा. बोटं पांढऱ्या पट्ट्यांच्या अगदी कडेवर असतील तर अंगठा पट्टीबाहेर लोंबतो आणि दर वेळी आत ओढावा लागतो. म्हणून हात थोडा काळ्या पट्ट्यांकडे न्या.

रागदारी_ते_जॅझ
हात आत न्यायचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना आधी पांढरी सातचं सप्तक देत असे आणि पांढरी एकचं सगळ्यांत शेवटी. सातमध्ये लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर बसतात आणि अंगठ्याला खालून जायला जागा मिळते. उजव्या हाताची बोटं तीच, १ २ ३ १ २ ३ ४ ५, आणि अंगठा सात व तीन या पांढऱ्यांवर येतो. करून बघा.

पण वेगात अंगठा तळव्याखाली खुपसणं मला पटत नाही. तिथे सगळा हातच पुढच्या जागी उचलून नेतात.

शिकवणी_औंध
वेगात हो, पण ताई अजून एकेक सूर मोजत आहेत. या गतीला हात उचलला तर सूर तुटेल. ती वेळ कधी येते, यावर शिक्षकांचंही एकमत नाही.

पेटीवाली_कोथरूड
आत्ताच बघितलं, गंधारावर थांबले तेव्हा अंगठा खरंच सा वरच होता! धरून ठेवायचा सराव केल्यावर जाताना आदळणं बरंच कमी झालं. येताना मात्र मध्यमावरचा अंगठा दाबलेला असताना तिसरं बोट वरून गंधारावर टाकताना हात वाकडा होतो. आणि डावा हात अजून सुरूच केलेला नाही.

सदाशिवपेठी, पियानोचं नाव वेगळ्या निरोपात कळवते.

शिकवणी_औंध
येताना अंगठा घट्ट दाबून ठेवू नका. तो टेकू आहे, हात त्याच्यावरून सरकू द्या. डाव्या हाताचं वर जाताना उलटं असतं: ५ ४ ३ २ १, मग पांढरी सहावर तिसरं बोट अंगठ्यावरून, ३ २ १. दोन्ही हात एकत्र करताना एक खूण धरा. पांढरी तीन आणि पांढरी सहा या दोन ठिकाणी दोन्ही हातांची तिसरी बोटं एकाच वेळी येतात. तिथे जुळली नाहीत तर कुठला तरी अंगठा चुकला आहे. आधी प्रत्येक हात वेगळा करा.