‘वैधता’, ‘मुदत’ आणि पोस्टरवरचा महिना

बर्डीकर: सीताबर्डीतल्या एका मोबाइल दुकानासाठी दिवाळीच्या ऑफरचं पोस्टर मराठीत करून राहिलो आहे. इंग्रजीवरून कोणीतरी आधी केलेला मजकूर असा: ‘महिनाभर अमर्यादित डेटा. १० जीबी बोनस. वैधता ५ नोव्हेंबरपर्यंत.’ खाली बारीक अक्षरात ‘उचित वापर धोरण लागू’. प्लॅन मुळात २८ दिवसांचा, रोज २ जीबी. दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक भांडतं. यात ‘वैधता’ बरोबर की ‘मुदत’?

मास्तर: ‘वैध’ म्हणजे विधीला, नियमाला धरून असलेलं. म्हणून अवैध दारू, अवैध बांधकाम. त्या अर्थाने रिचार्जची ‘वैधता संपली’ म्हणजे फोन बेकायदा झाला की काय! ‘मुदत’ अरबीतून आलेला, पण मुदत ठेवीमुळे घराघरात रुळलेला शब्द. मी मुदतच लिहीन.

इतवारी मोबाइल: मास्तर, माझं दुकान आहे, मी सांगतो. काउंटरवर कोणी मुदतही म्हणत नाही अन् वैधताही नाही. ‘भाऊ, व्हॅलिडिटी किती?’ एवढंच. पण या पोस्टरचा घोळ शब्दाचा नाहीच. ५ नोव्हेंबर कशाची तारीख आहे? रिचार्ज मारायची शेवटची, बोनस वापरायची, की प्लॅन संपायची?

बर्डीकर: विचारून आलो. ५ तारखेपर्यंत रिचार्ज करायचा. बोनस प्लॅनसोबतच संपतो.

इतवारी मोबाइल: मग गिऱ्हाईक बरोबरच भांडते ना. २० ऑक्टोबरला कोणी रिचार्ज मारला, तर त्याले वाटते ५ नोव्हेंबरला सगळं बंद. आमच्याकडे विकतो त्या प्लॅनात रिचार्जचा दिवस पहिला धरतात. ऑक्टोबरचे १२ दिवस, नोव्हेंबरचे १६, म्हणजे १६ नोव्हेंबरच्या रात्री संपते. रात्री दहाला मारला तर पहिला दिवस दोनच तासांचा. पण त्या दोन तासांतही २ जीबी मिळतात अन् बाराला परत नवे २ जीबी. हे सांगितलं की गिऱ्हाईक हसते.

ताई महालवाली: माझ्या आईचा फोन तर रिचार्ज संपला की काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतो. तिला नेट नकोच आहे, फक्त फोन उचलायचा असतो. त्याला काय शब्द?

मास्तर: ताई, तो प्रश्न शब्दाचा नाही, प्लॅनचा आहे. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे व्हाउचर ठेवायला सांगितलं, ते दुकानात मागून पाहा.

धरमपेठ: अमर्यादित खोटंच आहे. २ जीबी संपले की नेट बंद पडतं, आणि हे म्हणतात अमर्यादित!

इतवारी मोबाइल: बंद नाही पडत भाऊ, मंद पडते. रोजच्या कोट्याच्या प्लॅनात साधारण ६४ केबीपीएसवर येते. आठने भागा, सेकंदाला ८ केबी. एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं. गिऱ्हाईकाले ते बंदच वाटते, म्हणून तुम्ही चुकले असं नाही म्हणत. खरं बंद होते ते वरून मारलेल्या डेटा पॅकचं. तो संपला की संपला.

मास्तर: म्हणजे ‘अमर्यादित’ वेगाला नाही, फक्त चालू राहण्याला लागू. विशेषण आहे, पण विशेष्य भलतंच. ‘उचित वापर’ही मला खटकतं, जणू जास्त वापरणारा अनुचित वागला. ‘रास्त वापर’ कसं?

धरमपेठ: रास्त भाव दुकानासारखं? रोजचा शिधा २ जीबी. अगदी बरोबर बसतंय!

बर्डीकर: दुकानदार रेशनचं नाव पोस्टरवर चालू देणार नाहीत. आणि ‘महिनाभर’?

इतवारी मोबाइल: काढून टाका. २८ दिवसांनी मारत गेलं की वर्षात १३ रिचार्ज होतात, अन् तेरावा कुठून आला हे मलेच विचारतात. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने कंपन्यांना ३० दिवसांचा अन् दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज होणारा प्लॅन ठेवायला लावला. तसा प्लॅन असेल तरच महिना लिहा.

बर्डीकर: आता असं लिहितो: ‘५ नोव्हेंबरपर्यंत रिचार्ज करा. मुदत २८ दिवस, रिचार्जचा दिवस धरून. रोज २ जीबी, त्यानंतर दिवसभर ६४ केबीपीएस वेग. १० जीबी बोनस याच २८ दिवसांत वापरा.’

मास्तर: ‘दिवसभर’ नको. रात्री ११ ला कोटा संपला तर तासभरच. ‘रात्री बारापर्यंत’ लिहा. आणि बोनस कधी सुरू होतो? रोजचे २ जीबी संपल्यावर की आधीच?

बर्डीकर: ते दुकानदारालाही माहीत नाही. उद्या वितरकाला फोन करतो.

इतवारी मोबाइल: अन् ‘मुदत’च्या बाजूला बारीक ‘व्हॅलिडिटी’ टाका. नाहीतर मुदत म्हणजे ऑफरची, असंच समजतात.