मदत हवी आहे: डेटा जोडताना चूक झाली, प्रबंध समितीकडे मुदतवाढ कशी मागू?

केतकी: प्रबंध 3 आठवड्यांनी सादर करायचा आहे आणि काल मोठी चूक सापडली. सर्वेक्षणात 40 गावं, 1,000 घरं, 4,620 सदस्य. सदस्यांच्या फाइलला घराचं उत्पन्न जोडलं, पण फक्त `hh_no` वर. आणि घर क्रमांक प्रत्येक गावात 1 ते 25 असाच आहे! `m:1` ला स्टाटाने एरर दिला म्हणून `m:m` करून पुढे गेले. ओळी 4,620च राहिल्या, सगळ्या जुळल्या, शंकाच आली नाही. काल एकाच घरातल्या मायलेकींपुढे वेगवेगळं उत्पन्न दिसलं आणि पोटात गोळा आला. पत्रात एवढंच लिहिलंय: "तांत्रिक अडचणींमुळे मुदतवाढ मिळावी."

वाटसरू: बॅकअप नव्हता का? माझी हार्ड डिस्क गेली होती तेव्हा बरंच परत मिळालं होतं.

केतकी: डेटा शाबूत आहे हो, जोडणी चुकलीय.

निनाद: मग जोडणी नीट करून आकडे बदला. तासाभराचं काम, मुदतवाढ कशाला? दुरुस्ती अशी:

```
use gharo, clear
isid village_id hh_no
use sadasya, clear
merge m:1 village_id hh_no using gharo, assert(match)
```

मंगलताई: निनाद, दुरुस्ती बरोबर आहे, पण काम तासाभराचं नाही. `m:m` ओळीला ओळ लावत जातं. 7 क्रमांकाची 40 घरं पहिल्या 40 सदस्यांना एकेक वाटली गेली, पुढच्या सगळ्यांना शेवटचंच घर चिकटलं. म्हणजे 3,620 सदस्यांना फक्त 25 घरांचं उत्पन्न लागलंय. त्यावरचे निष्कर्ष उलटेही होऊ शकतात, मग चर्चेचं प्रकरण नव्याने लिहावं लागेल.

केतकी, "तांत्रिक अडचणी" वाचून समितीला वाटेल संगणक बिघडला. हे लिही, आणि आधी मार्गदर्शकांना दाखव:

> "घर व सदस्य या फाइली जोडताना गावाचा संकेतांक वापरायचा राहिल्याने 4,620 पैकी बहुतेक सदस्यांना चुकीच्या घराचं उत्पन्न लागल्याचं माझ्या लक्षात आलं आहे. मूळ डेटा सुरक्षित आहे. प्रकरण 4 व 5 मधील उत्पन्नावर आधारित तक्ते बाधित आहेत. प्रकरण 1 ते 3 वर परिणाम नाही. जोडणी दुरुस्त करून ती 50 घरांच्या मूळ प्रश्नावलींशी ताडून पाहणे, विश्लेषण पुन्हा करणे व दोन्ही प्रकरणे सुधारणे यासाठी 6 आठवड्यांची मुदतवाढ मिळावी, ही विनंती. जुने व नवे तक्ते शेजारी ठेवून सादर करीन."

"निष्कर्ष फारसे बदलणार नाहीत" असं मात्र लिहू नकोस. ते अजून तुलाच माहीत नाही.

निनाद: खरंय, शेवटचं घर चिकटतं हे माहीत नव्हतं.

केतकी: ताई, खूप आभार. प्रकरण 3 मध्ये नमुन्याचं सरासरी उत्पन्न दिलंय, पण ते थेट घरांच्या फाइलवरून काढलं होतं, म्हणून वाचलं. एक अडचण आहे: हेच निष्कर्ष मी एका परिसंवादात मांडलेत. तेही याच पत्रात लिहू?

मंगलताई: आयोजकांना कळवावंच लागेल. याच पत्रात की वेगळ्या, ते मार्गदर्शकांना विचार. माझंही नक्की मत होत नाहीये.